तार षड्ज आणि तोंडदेखले ‘छान’

“बाई, तुम्ही मुलांना कधी ‘छान’ का म्हणत नाही? तोंडदेखलं म्हटलं तरी तुमचं काय जातं? तेवढाच त्यांना हुरूप येतो.”

तुमची मुलगी माझ्याकडे गाणे शिकते, म्हणून तुम्ही हे विचारता. एके काळी मी म्हणत असे, आणि भरपूर म्हणत असे. गाण्याचे वर्ग सुरू केल्यानंतरच्या पहिल्या सात-आठ वर्षांत माझ्याकडून एकही विद्यार्थी ‘छान’ ऐकल्याशिवाय घरी गेला नसेल. ती सवय का सुटली, हे सांगायचे तर एका मुलीची हकीकत सांगावी लागेल.

ती माझ्याकडे आली तेव्हा बारा वर्षांची होती. आवाज गोड, समज चांगली, आणि घरून निघताना आदल्या दिवशीचा पलटा वीस वेळा म्हणून येणारी. त्या काळी मी पाच मुलींना एकत्र बसवून शिकवत असे. एकच तंबोरा काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या स्वरात, लावलेला असे आणि पाचही जणी त्याच स्वरात गात. त्यांतल्या चौघींना तो स्वर मानवत होता; हिला मानवत नव्हता. मध्य सप्तकात ती मोकळी गात असे, पण तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, जवळ आला की हनुवटी वर जायची, मानेच्या शिरा दिसू लागायच्या, आणि षड्ज सरळ लागण्याऐवजी खालून उचलल्यासारखा यायचा. येऊनही तो पूर्ण पोहोचत नसे, कणभर उतरलेलाच राही. मला हे पहिल्या तीन-चार महिन्यांतच कळले होते.

उपाय अवघड नव्हता. तिच्यासाठी तंबोरा काळी चारमध्ये, म्हणजे दोन अर्धस्वर खाली उतरवायचा होता, एवढेच. पण तसे करायचे तर तिला त्या गटातून वेगळे काढावे लागले असते, तिच्यासाठी आठवड्यातले दोन स्वतंत्र तास शोधावे लागले असते, आणि तिच्या आईला सांगावे लागले असते की या स्वरात हिचे गाणे होत नाही. तिची आई त्या वर्षी आजारी होती. मुलीचे गाणे ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मोडण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि दोन तासांची सोय तर मला मुळीच परवडणारी नव्हती. म्हणून दर वेळी तार षड्ज झाला की मी मान डोलावून “छान” म्हणत असे. असे तीन वर्षे चालले.

मध्यमा पूर्णच्या परीक्षेत परीक्षकांनी तिला यमन गायला सांगितला. बडा ख्याल संपवून ती छोट्या ख्यालाकडे वळणार तेवढ्यात त्यांनी थांबवले आणि नुसता तार षड्ज लावून धरायला सांगितला. तिने लावला. त्यांनी तंबोऱ्याकडे बोट दाखवून पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्या वेळेनंतर ते शांतपणे म्हणाले, “हा लागत नाही. आजवर हे तुला कुणीच सांगितलं नाही?”

दुसऱ्या दिवशी ती वर्गाच्या वेळेआधी अर्धा तास आली. रडली नाही, तिने तक्रारही केली नाही. एकच प्रश्न विचारला: “बाई, तुम्हाला ते ऐकू येत होतं का?”

या प्रश्नाला दोनच उत्तरे होती. ऐकू येत नव्हते म्हणावे, तर मी तिला शिकवायला लायक नव्हते. येत होते म्हणावे, तर मी तीन वर्षे तिच्याशी खोटे बोलत होते. मी खरे ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मग बिहाग छान झाला म्हणालात, तो?”

तिचा बिहाग खरोखर चांगला झाला होता. बिहागातला तीव्र मध्यम फार नाजूक असतो. तो शुद्ध मध्यमाच्या आणि पंचमाच्या आड नुसता डोकावून गेला पाहिजे, ठाण मांडून बसता कामा नये. तिला ते जितके हळुवार जमले होते, तितके त्या वयात मला जमले नव्हते. पण हे मी आता कसे पटवून देणार होते? तार षड्जाला वापरलेला शब्दच मी बिहागालाही वापरला होता. खोटे नाणे आणि खरे नाणे यांवर एकच छाप होता, आणि तो माझ्याच हातचा होता. त्या दिवशी तिच्या हातून तिचा तार षड्ज तर गेलाच, पण तिच्या हक्काचा बिहागही गेला.

माझे काय जाते, याचे उत्तर मला तेव्हापासून ठाऊक आहे. मात्र माझे जाते त्याहून तिचे अधिक गेले, म्हणून ते नीट उलगडून सांगते.

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज इतरांना येतो तसा ऐकू येत नाही. तो त्याच्या कानावर हवेतून येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, त्यामुळे आतून तो भरदार आणि भरीव वाटतो. फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकता येते हे खरे. पण कणभर उतरलेला स्वर उतरलेला आहे हे ओळखायला आधी कान तयार व्हावा लागतो, आणि तो तयार होण्यासाठीच तर मुलगी माझ्याकडे आलेली असते. तोवरची काही वर्षे ती माझा कान उसना घेऊन गात असते. मी “हं, लागला” म्हटले की तिच्या गळ्याला त्या जागेची खूण पटते. पुढच्या वेळी गळा आपोआप तिथेच जातो. म्हणजे मी उतरलेल्या षड्जाला छान म्हटले, तेव्हा मी तिचे नुसते मन राखले नाही. मी तिच्या गळ्याला चुकीचा पत्ता दिला, आणि तिने तो तीन वर्षे विश्वासाने पाठ केला.

तो चुकीचा पत्ता किती दूरचा असतो, हेही सांगते, म्हणजे ही गोष्ट मोघम राहणार नाही. काळी पाचचा तार षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण ४६६ कंपने. तिचा स्वर बहुधा चार-पाच कंपनांनी कमी पडत असे. ऐकायला हे इतके थोडे वाटते की एकट्या स्वरात भल्याभल्यांच्या लक्षात येणार नाही. पण तंबोरा चालू असताना असा स्वर लांबवला की त्याच्या आणि तंबोऱ्यातून उमटणाऱ्या षड्जाच्या मध्ये एक हेलकावा ऐकू येतो. फरक चार कंपनांचा असेल तर तो हेलकावा सेकंदाला चार वेळा येतो. स्वर जसजसा जागेवर येतो तसतसा तो मंदावतो, आणि नेमका लागला की थांबतो; गळा कुठे संपला आणि तंबोरा कुठे सुरू झाला हे कळेनासे होते. हे मी तिला पहिल्याच वर्षी दाखवू शकले असते. त्याला दहा मिनिटे पुरली असती.

परीक्षेनंतर आम्ही काळी चारमध्ये गायला सुरुवात केली. तिथे तार षड्ज तिच्या आवाक्यात होता, तरीही पहिले कित्येक महिने हनुवटी वर जातच राहिली. स्वर सोपा झाला तरी गळ्याला लागलेली ताणाची सवय त्याच्याबरोबर गेली नाही. ती पूर्ण सुटायला दीड वर्ष लागले. तीन वर्षे मी ज्याला छान म्हटले होते, ते पुसायला गेलेले हे दीड वर्ष.

आता याला अप्रामाणिकपणा का म्हणायचे? खुशामत करणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर साहेबाच्या मागेपुढे करणारा, पुढाऱ्याची री ओढणारा, काहीतरी पदरात पाडून घेण्यासाठी दुसऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारा माणूस येतो. बारा वर्षांच्या मुलीकडून मला काय मिळवायचे होते? पण मिळवायचे होतेच. मला गट मोडायचा नव्हता. मला एका आजारी बाईसमोर अवघड वाक्य बोलायचे नव्हते. मुलांमध्ये आवडत्या बाई म्हणून माझे जे नाव होते, ते मला राखायचे होते. साहेबाला लोणी लावणाऱ्याचा आणि माझा हेतू आकाराने वेगळा असेल, जातीने वेगळा नव्हता. दोघांच्याही तोंडचा शब्द समोरच्याच्या कामाबद्दल असल्यासारखा दिसतो, आणि असतो मात्र बोलणाऱ्याच्या सोयीचा. खुशामत नेहमी खालून वरच होते असे नाही, वरून खालीही होते. वरून होते तेव्हा ती लवकर ओळखू येत नाही, कारण ती मायेसारखी दिसते.

शिवाय या खोट्याला पकडता येत नाही. दुकानदाराने वजनात मारले तर गिऱ्हाईक दुसऱ्या काट्यावर तोलून पाहू शकते. “छान” हे मत आहे. त्यात तपासून पाहण्यासारखे काहीच नसते. “मला तसं वाटलं” एवढे म्हटले की बोलणारा मोकळा होतो. आवाज न करता केलेली ही फसवणूक आहे, आणि जिला फसवले तिच्याकडे दुसरा काटा नाही हे मला माहीत असताना केलेली आहे. मला तिचा खरा डंख इथे वाटतो.

हुरुपाचा मुद्दा तुम्ही मनापासून मांडता, म्हणून तोही गंभीरपणे घेते. नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ एडी ब्रुमेलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला या संदर्भात फार मोलाचा वाटतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना व्हॅन गॉगच्या एका चित्राची नक्कल काढायला दिली होती. नंतर एका व्यावसायिक चित्रकाराचा म्हणून अभिप्राय मुलांना चिठ्ठीतून मिळाला. काहींना ‘तू सुंदर चित्र काढलेस’, काहींना ‘तू कमालीचे सुंदर चित्र काढलेस’, आणि काहींना कौतुकाचा शब्दच नाही. मग मुलांना विचारले, पुढे सोपी चित्रे काढणार की अवघड? ज्या मुलांना स्वतःबद्दल आधीच फारसा भरवसा नव्हता, त्यांच्यापैकी ‘कमालीचे’ हा एक जादा शब्द मिळालेली मुले अवघड चित्रांपासून मागे सरली. साधे ‘सुंदर’ मिळालेली तितकी सरली नाहीत. भरवसा असलेल्या मुलांवर परिणाम उलटा झाला. त्याच संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला अधिक लागली: मोठी माणसे असे फुगवलेले कौतुक भरवसा कमी असलेल्या मुलांनाच अधिक करतात. ज्याला ते सोसत नाही, त्यालाच आपण ते दयेपोटी अधिक वाढतो.

मला यात आश्चर्य वाटत नाही, कारण मी ते वर्गात पाहिले आहे. बुजऱ्या मुलाला “अप्रतिम” म्हटले की त्याच्या मनात पहिला विचार येतो तो असा की आता दर वेळी इतकेच चांगले झाले पाहिजे. तो नवा राग मागत नाही. ज्यावर शाबासकी मिळाली तीच बंदिश पुन्हा म्हणू का, असे विचारतो. आपण हुरूप दिला असे समजतो आणि त्याच्या हाती मात्र भीती पडलेली असते.

मग खरे कौतुक कसे असते? ते मी शब्दांचा विचार करून शिकले नाही. मिरजेत एका तंबोरा बनवणाऱ्या कारागिरापुढे बसून शिकले.

तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला मी दर दोन-तीन वर्षांनी तिथे जाते. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित उतरता घासलेला असतो. तार छेडली की ती त्या उताराला स्पर्श करत कंप पावते, आणि त्या स्पर्शातून तंबोऱ्याचा तो भरलेला, गुंजणारा नाद तयार होतो. तारांच्या सततच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात, उतार बिघडतो, आणि नाद बसतो; याला जवारी बंद होणे म्हणतात. कारागीर तारा बाजूला घेतो, कानस अगदी हलक्या हाताने दोन-तीन वेळा फिरवतो, फुंकर मारतो, तार पुन्हा जागेवर आणून लावतो, खाली सुताचा धागा सरकवतो आणि ऐकतो. पुन्हा तारा बाजूला, पुन्हा कानस. एका बैठकीत हे तीस-चाळीस वेळा होते, कारण एक हात जास्त फिरला तर गेलेले परत येत नाही.

त्या तास-दोन तासांत त्यांचा मुलगा शेजारी बसून दुसऱ्या तंबोऱ्यावर तेच काम करत असतो, आणि वडील आपल्या कामावरची नजर न काढता त्याच्या तारा ऐकत असतात. “पंचम अजून बंद आहे.” “जोड बोलली, तिला आता हात लावू नको.” “खर्ज फार खुली झाली, चरचरते.” मी तिथे कधीही “छान” किंवा “वाईट” हे शब्द ऐकलेले नाहीत. “जोड बोलली, तिला आता हात लावू नको” हे वाक्य ऐकल्यावर त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते मात्र मी पाहिले आहे. ती शाबासकी होती आणि त्याला ती पुरेपूर पोहोचली होती. त्या वाक्यात काय साधले ते होते, कुठे साधले ते होते, आणि आता पुढे काय करायचे नाही तेही होते. दुसऱ्या कुठल्या मुलाला, दुसऱ्या कुठल्या दिवशी ते वाक्य म्हणता आले नसते.

मी तेव्हापासून याच खुणेने पारखते. जे वाक्य कुणालाही, कधीही लागू पडते, ते समोरच्याच्या कामाबद्दल नसते. “अप्रतिम”, “शब्दच नाहीत”, “काय सुंदर गातेस गं” ही वाक्ये गाणे न ऐकताही म्हणता येतात, आणि पुष्कळदा तशीच म्हटली जातात. आपल्याला कुणी असे म्हटले तर अगदी नम्रपणे विचारून पाहावे की नेमके काय आवडले. ज्याने ऐकले असते तो लगेच एखादी जागा सांगतो, मग त्याला रागाचे नाव ठाऊक नसेना का. “ते मधे थांबून परत खाली आलात ना, तिथे काहीतरी झालं,” असे मला एकदा आमच्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या. त्यांना शास्त्र येत नाही, पण त्यांचे कौतुक खरे होते.

मैफलीतली दाद ही या दृष्टीने मोठी सुरेख रीत आहे, आणि तिथेही खरे-खोटे कळते. विलंबित एकतालात बारा मात्रांचे एक आवर्तन संपायला जवळजवळ मिनिट लागू शकते. गायक त्या अवकाशात स्वरांची मांडणी करत जातो, आणि शेवटच्या मात्रांत मुखडा उचलून समेवर येतो. हा येण्याचा डौल, त्याला आमद म्हणतात, ज्याने आवर्तनभर ताल मनात धरून ठेवला आहे त्यालाच पुरता कळतो. त्याच्या तोंडून “वा” निघते ते समेबरोबर, जवळजवळ श्वासासारखे. कधी नुसती मान हलते. उलट, ज्याला आपण रसिक आहोत हे दाखवायचे असते त्याची दाद जागा पूर्ण होण्याआधीच येते, किंवा केवळ आवाज मोठा झाला, तान लांब झाली म्हणून येते. मंचावरच्या माणसाला हा फरक अचूक ऐकू येतो. धोका असा की फरक कळत असूनही गायक हळूहळू जिथे आवाज मोठा येतो तिकडे वळतो. ज्या जागेवर टाळी पडली ती जागा दुसऱ्या दिवशी थोडी आणखी लांबते, तिहाई एकाच्या तीन होतात, आणि शांतपणे केलेली एखादी गंधाराची ठेहराव कार्यक्रमातून निघून जाते, कारण तिला कधी कुणी काही म्हटलेच नव्हते. खोटी दाद अशी नुसती वाया जात नाही. ती खऱ्या जागांची जागा घेते.

म्हणूनच, जिथे काही साधले आहे तिथे गप्प राहणे हाही मी दोषच मानते. आमच्या पिढीतल्या कित्येक गुरूंनी शिष्याला आयुष्यभर एकदाही बरे म्हटले नाही आणि त्याला शिस्त मानले. मला ते पटत नाही. उतरलेल्या षड्जाला छान म्हणणे जसे खोटे, तसे नेमक्या लागलेल्या षड्जापुढे दगडासारखे बसून राहणे हेही खोटेच, कारण त्यानेही मुलीला चुकीचा पत्ता मिळतो. तिला वाटते, अजून पोहोचले नाही, आणि ती बरोबर जागा सोडून पुढे जाते.

गेल्या महिन्यात एका पालकांनी मला “सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात्, न ब्रूयात् सत्यमप्रियम्” हे ऐकवले: खरे बोलावे, गोड बोलावे, कटू सत्य बोलू नये. मनुस्मृतीतला हा श्लोक बहुतेक ठिकाणी इथेच थांबवला जातो. पुढची ओळ “प्रियं च नानृतं ब्रूयात्” अशी आहे: गोड असले तरी खोटे बोलू नये. दोन्ही ओळी एकत्र वाचल्या की माझ्या कामाची चौकट नेमकी आखली जाते. कटू सत्य जसेच्या तसे तोंडावर फेकायला मला मनाई आहे; तुझा गळा वर जात नाही, असे बारा वर्षांच्या मुलीला मी म्हणू नये. पण त्याऐवजी गोड खोटे बोलायलाही मनाई आहे. मधे जी वाट उरते ती शोधावी लागते, आणि तिला वेळ लागतो, तयारी लागते. “आपण आज तंबोरा दोन अर्धस्वर खाली लावून पाहू, तुला कुठे मोकळं वाटतं ते मला सांग,” या वाक्यात कटुता नाही आणि खोटेही नाही. ते बोलण्यासाठी मला दोन जादा तास काढावे लागले असते, इतकेच.

लग्नाच्या पंगतीत यजमानांना “जेवण छान झालं” म्हणणे, दिवाळीत कुणाच्या नव्या साडीचे कौतुक करणे, यांबद्दल मी हे बोलत नाही. तिथे आपले शब्द कुणी मोजमाप म्हणून घरी नेत नाही. आम्हाला तुमच्याकडे येऊन बरे वाटले, एवढाच त्यांचा अर्थ असतो आणि तो बहुधा खराच असतो. पण जिथे समोरचा माणूस आपल्या शब्दावर पुढचे पाऊल टाकणार आहे, तिथे तो शब्द तोंडदेखला देता येत नाही. गाणे शिकणारी मुलगी, पहिल्या कथेची वही घेऊन आलेला मुलगा, दुकान काढावे का म्हणून विचारणारा भाचा, हे सगळे आपल्याकडे शब्द मागायला आलेले नसतात. ते उसना कान, उसना डोळा मागायला आलेले असतात.

तुमच्या मुलीचे म्हणाल तर ती सध्या भूप गाते आहे. भूपात पाचच स्वर आहेत, सा रे ग प ध, आणि नेमके हेच पाच स्वर देसकारात आहेत. भूप संध्याकाळचा आणि त्याचा जीव गंधारात; देसकार सकाळचा आणि त्याचा जीव धैवतात. धैवतावर जरा जास्त रेंगाळले की भूपाचा देसकार होतो, एकही स्वर न चुकता. गेले सहा आठवडे तिचा भूप असा दर दोन-तीन आवर्तनांनी देसकारात घसरत होता. मी तिला चूक म्हटले नाही. मी तिला दोन्ही रागांचे आलाप एकापाठोपाठ एक म्हणून दाखवत होते आणि कुठल्या स्वरावर घरी आल्यासारखे वाटते, एवढेच विचारत होते.

परवा गुरुवारी ती वर गेली, धैवताला नुसता स्पर्श केला, पंचमावरून खाली येऊन गंधारावर थांबली आणि तिथेच राहिली. तंबोरा चालू होता. मी डोळे उघडून तिला म्हटले, “आज धैवताने तुला बोलावलं आणि तू गेली नाहीस.” तिने ते घरी सांगितले नसेल, कारण ते कौतुकासारखे ऐकू येत नाही. पण त्यानंतर तिने तीच जागा आणखी चार वेळा घेतली, चारही वेळा वेगळ्या वाटेने, आणि जाताना वह्या गोळा करायच्या सोडून दारातच उभी राहून विचारले, “बाई, पुढच्या वेळी शुद्ध कल्याण शिकवाल का?”